टोमॅटोचं फळ रात्री ठरतं

मार्च-एप्रिलमध्ये पॉलिहाऊसमधलं टोमॅटो हिरवंगार असतं, पिवळ्या फुलांचे झुपकेही भरपूर लागतात, पण जमिनीवर फुलांचा सडा पडलेला असतो. देठावर मध्यभागी एक गाठ असते. ती पिवळी पडते आणि फूल तिथूनच तुटतं. शेतकरी खताला, औषधाला दोष देतो. खरं कारण बहुतेक वेळा तापमापकावर दिसतं.

टोमॅटोच्या फळधारणेला दिवसा साधारण २१ ते २८ आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. यातला रात्रीचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे, हे फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात नियंत्रित तापमानाच्या खोल्यांत रोपं वाढवून १९४४ मध्ये मांडलं. दिवसा पानांनी तयार केलेली साखर उबदार रात्री श्वसनात जास्त खर्च होते आणि कळीतल्या परागकणांच्या वाट्याला कमी येते.

दिवसा ३४ आणि रात्री २४ अंश असतील, तर ढोबळ सरासरी २९ येते. या पातळीला फळधारणा बरीच घटते. ३० आणि १८ असतील, तर सरासरी २४ येते आणि झाड आरामात फळ धरतं.

उष्णतेचा फटका फूल उमलताना नव्हे, तर त्याआधी आठ ते तेरा दिवस, कळीत पराग घडत असताना सर्वांत जोरात बसतो. समजा, १ ते ३ मार्चला पॉलिहाऊस ३८ अंशांवर गेलं आणि नंतर हवा निवळली. तरी ९ ते १६ मार्चच्या सुमारास उमलणारी फुलं गळू शकतात. त्या दिवशीची हवा चांगली असल्यामुळे कारण मात्र भलतीकडेच शोधलं जातं.

परीक्षा सोपी आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास उमललेलं फूल काळ्या कागदावर टिचकीने हलवावं. पिवळी पूड पडली, तर पराग ठीक आहे. पूड नसेल, किंवा पुंकेसरांच्या पिवळ्या शंकूबाहेर हिरवी काडी डोकावत असेल, तर उष्णतेचा मार बसला आहे. ती काडी म्हणजे स्त्रीकेसर. ते बाहेर आलं की शंकूच्या आत झडणारा पराग त्याच्या टोकापर्यंत सहज पोचत नाही.

थंडीचंही तसंच. रात्र १३ अंशांखाली राहिली की पराग कमी होतो, फळ धरलं तरी वेडंवाकडं येतं. त्या दिवसांत बाजूचे पडदे ऊन उतरण्याआधीच लावून दिवसाची ऊब आत ठेवतात, पण साधं प्लास्टिक ती पहाटेपर्यंत फारशी टिकवत नाही.

उन्हाळ्यात उलट करावं. दुपारी सावलीची जाळी ओढावी, फॉगर थोडा थोडा वेळच चालवावा, कारण फार दमट हवेत पराग चिकटून बसतो. रात्री पडदे उघडे ठेवावेत. मात्र बाहेरचीच रात्र २४ अंशांची असेल, तर पडदे उघडून आतली रात्र त्याहून फारशी थंड होत नाही. म्हणून लागवडीची तारीख ठरवताना महिनाभराने, म्हणजे पहिली फुलं येतील तेव्हा, रात्रीचं तापमान किती असेल ते आधी पाहावं, आणि कमाल-किमान तापमापक फुलांच्या उंचीवर, सावलीत टांगावा.