आवळ्याच्या आत पाक शिरतो तेव्हा

आपला मोरावळा बहुतेक घरांत किसाचा किंवा वाफवून सुट्ट्या केलेल्या पाकळ्यांचा असतो. अख्ख्या आवळ्याचा मुरब्बा हे उत्तरेकडचं काम, विशेषतः बनारस आणि प्रतापगढ भागातलं. आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर प्रतापगढचं. त्यांच्या बरणीतला एक आवळा त्यांनी चमच्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा मला त्याच्या आतली बी सावलीसारखी दिसली. मधासारखा रंग, सालीवर एकही सुरकुती नाही. घरी परतले आणि दुसऱ्याच दिवशी किलोभर आवळे आणले. माझे आवळे तिसऱ्या दिवशी सुकलेल्या बोरांसारखे आक्रसले. ते का आक्रसले हे समजून घेताना या मुरब्ब्याची सगळी रीत मला नीट कळली.

आवळ्याची साल गुळगुळीत आणि मेणचट असते, पाक तिच्यातून सहज आत जात नाही. म्हणून टोचायचं. प्रत्येक आवळ्याला सगळ्या बाजूंनी, टोक थेट बीला टेकेपर्यंत. वरवर टोचलं तर बाहेरचा थर गोड होतो आणि बीभोवती आंबट, पाणीदार गर तसाच राहतो. टोचायला स्टीलचा काटा घ्यावा. गंजकी सुई किंवा लोखंडी दाभण घेतलं तर प्रत्येक भोकाभोवती निळसर काळा ठिपका उमटतो. आवळ्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की काळी शाईच तयार होते. लोखंडी कढईही याच कारणाने नको.

मग चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात विड्याचा साधा, बिनवासाचा चुना चमचाभर कालवायचा, तीन-चार तास हलवायचा नाही, आणि वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. चुना जास्त घातला म्हणून निवळी कडक होत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. टोचलेले आवळे या निवळीत रात्रभर बुडवून ठेवायचे. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने धरून असतात. उकळताना ते सुटतं आणि फळ लगदा होऊ लागतं. चुन्यातलं कॅल्शियम या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतं. म्हणून पुढे पाच दिवस पाकात राहूनही आवळा फुटत नाही. कोहळ्याचा पेठा करणारेही चुना वापरतात तो यासाठीच.

नंतर धुणं मात्र मनापासून व्हायला हवं. चुना आत राहिला तर चव खडूसारखी लागते. काकूंची परीक्षा मला फार आवडली. तिसऱ्या-चौथ्या धुण्याचं पाणी वाटीत घ्यायचं आणि त्यात चिमूटभर हळद टाकायची. पाणी तांबडं झालं तर चुना अजून आहे, पिवळंच राहिलं तर धुणं झालं. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही गोष्ट.

धुतलेले आवळे उकळत्या पाण्यात सोडायचे आणि लक्ष ठेवायचं. आवळ्यावरच्या सहा रेघा जरा ठळक दिसू लागल्या, काटा किंचित जोर लावून आत गेला, की लगेच उपसायचे. रेघा उकलल्या तर पाकळ्या सुटणार.

इथवर माझंही ठीक झालं होतं. चुकले ते पाकात. उरक व्हावा म्हणून मी सगळी साखर एकदम घालून घट्ट पाक केला आणि त्यात आवळे सोडले. आवळ्याच्या आत पाणी, बाहेर दाट साखर. अशा वेळी आतलं पाणी झपाट्याने बाहेर धावतं, पण साखर तितक्या वेगाने आत शिरू शकत नाही. पाणी गेलं, त्याची जागा घ्यायला काही आलं नाही, आणि फळ आक्रसलं. एकदा आक्रसलेला आवळा पुन्हा काही टवटवीत होत नाही.

दुसऱ्या खेपेला काकूंनी समोर बसून करवून घेतलं. किलोभर आवळ्यांना पहिल्या दिवशी सातशे ग्रॅम साखर आणि तितकंच पाणी, म्हणजे अगदी पातळ पाक. त्यात आवळे मंद आचेवर दहा मिनिटं शिजवले आणि झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाक चाखला तर आदल्या दिवशीपेक्षा पातळ आणि चक्क आंबट! आवळ्यांतलं पाणी त्यात उतरलं होतं. आवळे झाऱ्याने काढले, पाकात दोनशे ग्रॅम साखर घालून तो उकळून आटवला, आणि आवळे पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी तसंच दोनशे, चौथ्या दिवशी दीडशे. “पाक पातळ झाला म्हणून घाबरू नका, आवळा पाणी देतोय आणि साखर घेतोय,” काकू म्हणाल्या. पाचव्या दिवशी आवळ्यांसकट मंद आचेवर ठेवून पाक एकतारीच्या जरा पुढे नेला. गार झाल्यावर तो मधाइतका दाट झाला आणि त्यानंतर पातळ झालाच नाही. देवाणघेवाण संपल्याची ती खूण.

आणि आवळे पारदर्शक झाले होते. कच्च्या गरात पेशींच्या फटींमध्ये हवा असते. उजेड त्या हवेवर आपटून विखुरतो, म्हणून गर पांढुरका, अपारदर्शक दिसतो. पाक शिरला की ती हवा निघते, सगळीकडे एकच दाट द्रव भरतो आणि उजेड सरळ आरपार जातो. भजी ठेवलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की तिथून पलीकडचं दिसतं, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे आवळा उजेडात धरून पाहणं ही नुसती रूपाची परीक्षा नाही. बीभोवती पांढुरका ढग दिसला तर तिथे पाक पोचलेला नाही, तिथे पाणीच आहे, आणि मुरब्बा आंबायला सुरुवात तिथूनच होते. दहा-बारा दिवसांनी बरणीत बारीक बुडबुडे आणि ताडीसारखा वास आला तर कारण बहुधा हेच. पाक फसफसला, पण बुरशी नसेल, तर बिघडत असल्याचं लवकर लक्षात आल्यावर आवळ्यांसकट पुन्हा उकळून, आटवून वाचवता येतो. बुरशी दिसली तर सगळंच टाकावं.

याउलट पाक फार आटला तर बरणीत साखरेचे खडे धरतात. शेवटच्या उकळीत अर्ध्या लिंबाचा रस घातला की ते टळतं, कारण आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून खडे न धरणाऱ्या साखरांत बदलतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हा मुरब्बा जीवनसत्त्व ‘क’साठी कोणी खात असेल तर ते मला पटत नाही. ते जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि चुन्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. भोकं पाडलेला आवळा रात्रभर निवळीत, मग उकळत्या पाण्यात आणि मग पाच दिवस पाकात राहिल्यावर त्यातलं बरंचसं निघून जातं. त्यासाठी कच्चा आवळा मिठाला लावून खावा.

बरणी कोरडी हवी आणि आवळे पूर्ण बुडतील इतका पाक वर हवा. पंधरा दिवसांनी मी त्यातला एक काढून खिडकीशी धरला. बीच्या कडा दिसत होत्या, ढग कुठेच नव्हता.