केटल, अंडं आणि न गिचका होणारे नूडल्स

पुण्यातल्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या खोलीत सहसा गॅस नसतो आणि बऱ्याच ठिकाणी इंडक्शनलाही परवानगी नसते. चालते ती पाणी उकळायची केटल. रात्री अकराला मेस बंद झालेली असते, म्हणून नूडल्सचं पाकीट फोडलं जातं. त्यात गाजर, कोबी, अंडं घालावं असं प्रत्येकालाच वाटतं, पण घातलं की बहुतेकदा डब्यात गिचका होतो आणि दोष भाज्यांवर जातो.

खरा दोष वेळेचा असतो. मोमोफुकू आंडो यांनी १९५८ साली जपानमध्ये झटपट नूडल्स बाजारात आणले, तेव्हापासून त्यामागची मूळ युक्ती एकच आहे. नूडल्स कारखान्यातच वाफवून तळलेले असतात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्या जागी बारीक छिद्रं राहतात. गरम पाणी त्या छिद्रांतून झरझर आत शिरतं. म्हणजे आपल्याला ते शिजवायचे नसतात, फक्त भिजवायचे असतात. हे भिजणं आच बंद केली म्हणून थांबत नाही. भोवती गरम पाणी आहे तोवर नूडल्स ते पीत राहतात. गाजर कच्चं आहे म्हणून सगळं आणखी पाच मिनिटं झाकून ठेवलं, की गाजर तसंच राहतं आणि नूडल्सचा लगदा होतो. म्हणून क्रम उलटा हवा: आधी अंडं, मग भाज्या, सगळ्यात शेवटी नूडल्स.

अंड्यापासून सुरुवात करू. अंडं धुऊन, चमच्याने अलगद केटलच्या तळाशी ठेवावं आणि ते पूर्ण बुडेल इतकं पाणी भरावं. पाणी उकळलं की साधी केटल आपोआप बंद होते. झाकण न उघडता अंडं तसंच बारा मिनिटं ठेवलं, की त्या उष्णतेतच ते उकडून निघतं. मग गार पाण्यात टाकून सोलावं. कवचावर जंतू असू शकतात, म्हणून हे पाणी नूडल्सना वापरू नये. ते ओतून टाकून केटल विसळून घ्यावी.

त्या बारा मिनिटांत भाजी चिरून होते. एका पाकिटाला अर्धं गाजर जाड किसून, पाव ढोबळी मिरची लांब चिरून आणि मूठभर कोबी अगदी बारीक चिरून पुरे. चिरलेल्या भाजीला मीठ लावू नये, तिला पाणी सुटतं. टोमॅटो हवाच असेल तर बिया आणि रस काढून टाकावा. मटार मात्र या पद्धतीत नीट शिजत नाहीत, ते सोडून द्यावेत.

आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यायचा. त्यात गाजर आणि ढोबळी मिरची घालून वर उकळतं पाणी ओतायचं आणि तीन मिनिटं झाकायचं. मग झाकणाच्या फटीतून पाणी पूर्ण निथळून टाकायचं. याने दोन कामं होतात: भाजीचा कच्चेपणा जातो आणि डबा तापतो. गार डब्यात ओतलेलं पाणी लगेच निवतं आणि नूडल्स बाहेरून मऊ, आतून कडक राहतात.

गरम डब्यात नूडल्सची वडी न मोडता ठेवावी, मसाला भुरभुरावा आणि नुकतंच उकळलेलं पाणी ओतावं. सत्तर ग्रॅमच्या पाकिटाला साधारण २०० मिली पुरतं. केटलवरच्या खालच्या खुणेपेक्षा कमी पाणी मात्र कधी उकळू नये, उरलेलं चहाला कामी येतं. दोन मिनिटांनी वडी उलटवून पुन्हा झाकायची. आणखी मिनिटभराने एक तार काढून तोडून पाहावी. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला, की कोबी घालून काट्याने मोकळं करायचं आणि झाकण उघडंच ठेवायचं. ठिपका दिसेनासा होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, कारण खाता खाताही नूडल्स भिजतच असतात. वर अर्धं केलेलं अंडं आणि लिंबू पिळलं, की पाकिटात नसलेली सहाएक ग्रॅम प्रथिनं ताटात आली.

इंडक्शन चालत असेल तर गाजर आणि मटार आधी उकळत्या पाण्यात शिजवावेत, नूडल्स नंतर सोडावेत. अंडं फोडून वर सोडलं तर ढवळू नये, झाकून पांढरा भाग घट्ट होऊ द्यावा. फेटलेलं अंडं सुरुवातीलाच ढवळलं तर रस्सा गढूळ आणि चिकट होतो.

केटलमध्येच नूडल्स शिजवायचा मोह मात्र टाळा. पिठाचा फेस वर येऊन सांडतो, तळाला पीठ लागून करपतं आणि पुढचा चहाही मसाल्याच्या वासाचा होतो. आणि दोघांसाठी करायचं असेल तर एका डब्यात दोन पाकिटं कोंबू नका. मधल्या वडीपर्यंत गरम पाणी नीट पोहोचत नाही. दुसरा डबा घ्या.