ऑनलाइन सेवेचे शेवटचे पत्र

सेवा बंद होत असल्याच्या पत्राचे पहिलेच वाक्य सेवा बंद होत आहे हे सांगणारे असावे लागते आणि त्यात तारीख असावी लागते. असे पत्र बहुतेक लोक मोबाइलवर, कामाच्या गडबडीत, अर्धवट वाचतात. आधी आभार आणि आठवणी आल्या तर मूळ बातमी नजरेतून सुटते, आणि महिनाभराने फोटो शोधायला जावे तर तिथे काहीच उरलेले नसते.

एव्हरपिक्स या अमेरिकन सेवेचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. फोन, संगणक आणि इतरत्र विखुरलेले फोटो एकत्र आणून ते तारखेनुसार लावून ठेवणे हे तिचे काम. तिचे सुमारे 55,000 वापरकर्ते होते आणि त्यांतले सुमारे 6,800 जण वर्गणी भरत. दर आठांपैकी एकाने पैसे देणे हे अशा व्यवसायात चांगलेच प्रमाण मानले जाते. तरीही 5 नोव्हेंबर 2013 रोजी सेवा बंद होत असल्याचे जाहीर झाले.

अशा वेळी निष्ठावान वर्गणीदाराच्या मनात पहिला विचार येतो, ‘आधी सांगितले असते तर आम्ही जास्त पैसे दिले असते.’ त्याला खरे उत्तर आकडेच देऊ शकतात. एव्हरपिक्सची वार्षिक वर्गणी 49 डॉलर होती. सर्व 6,800 जणांनी ती पूर्ण भरली असे धरले तरी वर्षाला 3,33,200 डॉलर, म्हणजे महिन्याला 28,000 डॉलरपेक्षाही कमी रक्कम होते. बंद होण्याच्या सुमारास सर्व्हरच्या भाड्याचेच सुमारे 35,000 डॉलरचे बिल समोर होते. पगार त्याहून वेगळे. शिवाय फोटो ठेवण्याच्या धंद्यात वर्गणी तेवढीच राहते आणि साठा दरवर्षी वाढतो, त्यामुळे जुना ग्राहक अधिकाधिक महाग पडत जातो. नवे भांडवल मिळाले नाही, सेवा विकत घेणाराही मिळाला नाही, आणि हे वापरकर्त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. पुढे कंपनीने आपले हिशेब आणि वापराची आकडेवारी गिटहबवर सर्वांसाठी खुली केली. ‘नव्या प्रवासाला निघत आहोत’ अशी गुळगुळीत भाषा वापरण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सन्मानाचा आहे. एडिटोरियली या लेखनसाधनाच्या चालकांनीही 2014 मध्ये असेच सरळ सांगितले होते: सगळ्या वापरकर्त्यांनी पैसे भरले असते तरी ते पुरले नसते.

कारणानंतर पत्राचा सर्वांत कामाचा भाग येतो, तो म्हणजे तारखांचा क्रम. एव्हरपिक्सने नवे फोटो घेणे लगेच थांबवले आणि जुने पाहण्याची व उतरवून घेण्याची मुभा 15 डिसेंबरपर्यंत, म्हणजे 40 दिवस, ठेवली. नवी भर आधी थांबवण्यामागे साधे कारण असते: साठा बदलत राहिला तर आज उतरवलेली प्रत उद्या अपुरी ठरते. मुदत किती असावी याचा ठरलेला नियम नाही. खात्यात किती पैसे उरले आहेत यावरच ती बहुधा ठरते. गूगलसारख्या मोठ्या कंपनीला ऑर्कुट बंद करताना 30 जून ते 30 सप्टेंबर 2014 असे तीन महिने देता आले. छोट्या सेवेला तेवढे परवडत नसेल, तर बंद करण्याचा निर्णय पैसे पूर्ण संपण्याआधी घ्यावा लागतो. शेवटच्या दोन महिन्यांचे सर्व्हरभाडे बाजूला काढून ठेवणे हा त्या निर्णयाचाच भाग आहे.

वर्गणीचेही पत्रातच स्पष्ट व्हावे लागते. आपोआप होणारे नूतनीकरण कोणत्या दिवशी थांबेल आणि उरलेल्या काळाचे पैसे कोण परत करील, हे लिहिले नाही तर बंद सेवेची रक्कम खात्यातून कापली जाऊ शकते. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गणीचा परतावा सेवाचालकाच्या हातात नसतो. तो ग्राहकाला ॲपलकडेच मागावा लागतो.

प्रत्यक्षात घोटाळे होतात ते फोटो उतरवून घेण्यात. बरेच जण शेवटच्या दोन दिवसांची वाट पाहतात, सर्व्हरवर ताण येतो आणि मोठी झिप फाइल मध्येच तुटते. ती अर्धवट असेल तर उघडताना चूक दाखवते. पण फोटोंच्या मूळ तारखा किंवा त्यांखालच्या ओळी गळाल्या असतील तर कोणतीच सूचना येत नाही. पत्र जुन्या, न वापरलेल्या ईमेलवर जाणे हीसुद्धा नेहमीची अडचण, म्हणून एकच पत्र पुरत नाही. सुरुवातीला, निम्म्या मुदतीला आणि शेवटच्या आठवड्यात आठवण द्यावी लागते, आणि सेवा उघडताच तीच सूचना समोर दिसावी लागते. हे ज्याला ईमेलने कळले त्याने त्यातल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी सेवेचा नेहमीचा पत्ता स्वतः उघडावा, कारण अशा घाईचा फायदा घेऊन पासवर्ड चोरणारी बनावट पत्रेही फिरतात. प्रत त्याच दिवशी उतरवून घ्यावी, दहावीस जुने फोटो उघडून त्यांच्या तारखा पाहाव्यात, आणि त्यानंतरच खाते काढून टाकावे.