पाइप उतारावर, बार सपाटीवर

रेलिंगचा भाव बहुतेक ठिकाणी रनिंग फुटावर ठरतो. बाल्कनीत तो फूट मोजायला अडचण नसते. जिन्यावर मात्र विचारावं लागतं की टेप तिरका धरला होता की सपाट, कारण हातात धरायचा पाइप एका मापाने मोजायचा असतो आणि खालचे उभे बार दुसऱ्या. घोटाळा नेमका इथेच होतो.

घरातला साधा सरळ जिना घेऊ. पायरीची उंची १५० मिलिमीटर, पाऊल ठेवायची रुंदी २५०. खालच्या खांबाच्या मध्यापासून वरच्या खांबाच्या मध्यापर्यंत १० पायऱ्या. म्हणजे सपाट अंतर २५०० आणि चढ १५००. शाळेतला काटकोन त्रिकोण इथे उपयोगी पडतो. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की तिरकी लांबी येते २९१५ मिलिमीटर. या मापाच्या पायऱ्या असतील तर सपाट अंतराला १.१६६ ने गुणलं तरी तेच उत्तर मिळतं. नकाशात दिसतात ते २५०० धरून पाइप कापला, तर तो सव्वा फुटाहून जास्त आखूड पडेल.

आता बार. दोन बारांमधली मोकळी फट १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लहान मुलाचं डोकं किंवा अंग त्यातून जाऊ नये, एवढाच हिशोब त्यामागे आहे. ब्रिटनमध्ये तर १०० मिलिमीटरचा गोळा फटीतून जाता कामा नये, अशी कसोटीच आहे. बार उभे असल्यामुळे त्यांच्यातली फट सपाट रेषेतच असते. जिना कितीही चढा असला तरी ती रुंदी उतारावर मोजायची नसते.

मध्ये एक खांब धरला तर दोन खण पडतात. ५० मिलिमीटरचे खांब वजा केल्यावर प्रत्येक खणात सपाट १२०० मोकळे उरतात. चौरस बार १६ मिलिमीटरचा. खणात बारांपेक्षा फटी नेहमी एकने जास्त असतात, म्हणून आधी १२०० मधून एक फट वजा करायची आणि उरलेल्या ११०० ला बार अधिक फट, म्हणजे ११६ ने भागायचं. उत्तर ९.४८. इथे जवळचा आकडा घ्यायचा नाही, वरचाच घ्यायचा. ९ बार लावले तर फट १०५ च्या पुढे जाते, १० लावले तर साडेचौऱ्याण्णव होते. दोन खणांत मिळून २० बार.

हेच गणित तिरक्या लांबीवर केलं की प्रत्येक खणात १२ बार निघतात. म्हणजे चार बार जादा, आणि त्यांचं वेल्डिंग नि घासाईही जादा. पाइपवर खुणा करताना मात्र पुन्हा उतारावर यावं लागतं. दोन बारांच्या मध्यांमधलं सपाट अंतर ११०.५ असेल, तर तिरक्या पाइपवर खूण सुमारे १२९ वर येते. कारागिराने आधी सपाट पट्टीवर खुणा करून ओळंब्याने त्या वर चढवल्या, तर हा गुणाकारही टळतो.

बाल्कनी त्यामानाने सोपी. भिंतीपासून भिंतीपर्यंत ३००० मिलिमीटर, खांब तीन, प्रत्येक खण १४२५ चा. त्याच रीतीने खणाला १२ बार, एकूण २४. फट ९५ च्या आसपास. जिना धरून ४४ बार झाले.

खरेदीला जाताना एकूण लांबीला ६ मीटरने भागायचा मोह होतो, कारण बार आणि पाइप साधारण तेवढ्या, म्हणजे वीसफुटी लांबीत मिळतात. सगळे बार ८५० मिलिमीटरचे धरले तर एका नगातून सात निघतात आणि ७ नग पुरतात. तोच बार ८७० चा केला, तर भागाकार अजूनही ७ च म्हणतो. पण एका नगातून आता सहाच तुकडे निघतात आणि ८ नग लागतात. रेलिंग दोन सेंटिमीटर उंच करायचं ठरवताना हे कुणी पाहत नाही.

पाइपचंही तसंच. जिन्याचा पाइप दोन्ही टोकांना १५० जादा धरून ३२१५, बाल्कनीचा ३०००, आणि त्याच पाइपचे ९५० चे सहा खांब. बेरीज १२ मीटरच्या आतच येते. पण कापायला बसलं की बाल्कनीच्या नगातून तीन खांब निघतात आणि जिन्याच्या नगातून दोनच. शेवटच्या तुकड्याला सातेक सेंटिमीटर कमी पडतात. जिन्याची टोकं १५० ऐवजी १०० ठेवली, तर प्रत्येक कापाचे ३ मिलिमीटर धरूनही तिसरा खांब बसतो. खांब प्लेटवर न बसवता काँक्रीटमध्ये गाडायचे असतील तर मात्र तेवढी खोली प्रत्येकात मिळवावी लागते. मग तिसरा पाइप आणण्याला पर्याय नाही.