एका थेंबाने आळलेलं चॉकलेट

डबल बॉयलरवर चॉकलेट छान वितळलेलं असतं आणि वरच्या भांड्याच्या कडेवरून वाफेचा एक थेंब आत ओघळतो. ढवळता ढवळता त्याची चकाकी जाते आणि चमच्याभोवती रवाळ, घट्ट गोळा जमतो.

चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि कोकोचे बारीक कण कोको बटरमध्ये सुटे तरंगत असतात. थेंबभर पाण्याने साखरेचे कण ओले, चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. ओल्या चमच्याने साखरेच्या डब्यात गाठी होतात, तसंच.

गंमत म्हणजे यावर उपाय पाणीच! शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटला साधारण दोन मोठे चमचे गरम पाणी किंवा दूध लागतं. ते थोडं थोडं घालत जोरात घोटा. साखर पुरेशी विरघळली की कण सुटतात आणि मिश्रण पुन्हा गुळगुळीत होतं. मात्र आता हा सॉस झाला. साच्यात घातला तर कडक, कुरकुरीत वडी होणार नाही. केकवर ओता किंवा दुधात ढवळा. करपल्याचा वास येत असेल, तर मात्र दोष पाण्याचा नाही, आचेचा. ते चॉकलेट वाचत नाही.