तिसरी माळ जोडली की फ्यूज हवाच



शिरूर आणि दौंड तालुक्यांत भीमेच्या, घोडच्या काठाला रात्रीच्या पाळीने मोटर चालू करायला जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती. दिवसा पाणी देता यावं म्हणून पुष्कळांनी सौरपंप घेतले. पाच किंवा साडेसात घोड्यांच्या पंपाला पॅनेलांची एक माळ, फार तर दोन माळा लागतात. पण चार-पाच जण मिळून नदीवरून पाणी उचलायला मोठा पंप बसवतात, तेव्हा माळा तीन किंवा चार होतात. या सगळ्या माळा ज्या पेटीत एकत्र येतात, तिला कंबायनर बॉक्स म्हणतात. आपण तिला जोडपेटी म्हणू. पॅनेलांखाली टांगलेल्या या पेटीत काय काय असावं आणि ते ठीक आहे हे कसं ओळखावं, ते आज पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा, ५४० वॅटची १५ पॅनेलं एकापुढे एक जोडून एक माळ केली आणि अशा चार माळा आहेत. एका पॅनेलचा मोकळा दाब साधारण ४९.५ व्होल्ट, म्हणून माळेचा दाब सुमारे ७४२ व्होल्ट होतो. थंडीच्या सकाळी तो आणखी चढतो. म्हणून पेटीतली प्रत्येक वस्तू १००० व्होल्ट डी.सी.ची असावी. घरातल्या ए.सी.चे फ्यूज आणि खटके इथे चालत नाहीत. ए.सी. प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना उडालेली ठिणगी विझते. डी.सी. एकसारखा वाहतो, त्याची ठिणगी पेटून राहते आणि पेटी जाळते.

आता फ्यूज. पुष्कळांना वाटतं, माळेने जास्त करंट दिला तर फ्यूज उडतो. तसं नाही. या पॅनेलची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी माळ सुमारे १३.८५ अँपिअरच्या वर देत नाही. मग फ्यूज कशासाठी? तो शेजारच्या माळांपासून वाचवण्यासाठी.

तुमच्या ओळखीचीच गोष्ट घ्या. चार मोटरी एकाच पाइपलाइनीत पाणी टाकतात. एक बंद पडली आणि तिला उलटझडप नसली, तर बाकी तिघींचं पाणी तिच्यातून मागे पळतं. माळांचंही तसंच. उंदराने केबल दोन जागी कुरतडली, उघडी तार लोखंडी सांगाड्याला टेकली, की त्या माळेचा दाब पडतो. मग उरलेल्या तीन माळा आपला करंट तिच्यात उलटा ढकलतात. तीन गुणिले १३.८५ म्हणजे ४१ अँपिअरच्या वर. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर मात्र लिहिलेलं असतं की फ्यूज जास्तीत जास्त २५ अँपिअरचा लावा. पॅनेलला त्याहून जास्त उलटा करंट सोसत नाही. केबल आणि पॅनेल तापतं, आणि खाली वाळलेलं पाचट असलं तर आग लागायला वेळ लागत नाही.

आता हिशेब पाहा. माळा दोनच असतील, तर बिघडलेल्या माळेत एकाच माळेचा करंट जाईल, १३.८५ अँपिअर. तो २५ च्या आत आहे, फ्यूज नसला तरी चालतं. तिसरी माळ आली की २७.७ होतो, २५ च्या पुढे गेला. म्हणून या पॅनेलांना तिसऱ्या माळेपासून प्रत्येक माळेला फ्यूज हवाच. तो २५ अँपिअर, १००० व्होल्ट डी.सी.चा आणि सौर पॅनेलांसाठीच बनवलेला हवा. त्यावर gPV अशी खूण असते. माळेचं कुठलंही टोक जमिनीला जोडलेलं नसेल, तर अधिक आणि उणे अशा दोन्ही तारांना फ्यूज लावतात. चार माळांना आठ झाले. पैसे वाचवायला चारच लावले आहेत का, ते विचारा.

फ्यूज उडाला तर त्यात तार बांधू नका. डी.पी.वर लागलेली ती खोड इथे जिवावर बेतेल. नुसता नवा फ्यूजही घालू नका. आधी त्या माळेची केबल कुठे सोलली ते शोधायला लावा. आणि चालू करंटात फ्यूजचं घर कधीही ओढू नका. आधी पंप बंद, मग पेटीचा मुख्य खटका बंद, मग करंट शून्य आहे हे मोजून खात्री, आणि मगच फ्यूज. खटका पाडला तरी ऊन आहे तोवर माळांच्या तारांत ७०० व्होल्ट जिवंत असतात, हे विसरू नका. हे काम जाणत्या माणसाचंच.

दुसरी वस्तू सर्ज अरेस्टर. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो, तेव्हा वीज दूर पडली तरी लांब केबलींत दाबाचा झटका उठतो. हा अरेस्टर तो झटका जमिनीत सोडतो आणि कंट्रोलर वाचवतो. त्यापासून अर्थिंगपर्यंतची तार जाड, सरळ आणि आखूड हवी. तिचं वेटोळं करून ठेवलं तर झटका तिथेच अडतो आणि अरेस्टर असून नसल्यासारखा. थेट सांगाड्यावर पडलेली वीज मात्र तो पेलत नाही. त्यासाठी उंच दांड्याचा वीजरोधक वेगळा लागतो.

पुष्कळ अरेस्टरांवर लहानशी खिडकी असते. ती हिरवी असली तर ठीक, लाल झाली तर आतला भाग संपला, बदलायचा. लाल झाल्यावरही पंप चालतच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वळवाआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा ती खिडकी बघून घ्या.

तिसरी गोष्ट, करंटची तपासणी. एक फ्यूज उडाला तरी तीन माळांवर पंप फिरतो. पाणी कमी आलं तर आपण नदीला दोष देतो. म्हणून दर तीन महिन्यांनी, निरभ्र दिवशी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, पंप पूर्ण वेगात असताना चारही माळांचा करंट पाठोपाठ मोजून घ्या. चिमटा-मीटर डी.सी. करंट मोजणारा हवा. साधा फक्त ए.सी. मोजतो. चिमट्यावरचा बाण प्रत्येक वेळी मुख्य खटक्याकडेच असावा.

समजा, आकडे ११.२, ११.१, ११.३ आणि ० आले. चौथ्या माळेचा फ्यूज उडाला किंवा जोड निसटला. चौथा आकडा ७.८ आला, तर त्या माळेवर उसाची सावली आहे, गुऱ्हाळाची राख साचली आहे, किंवा एखादं पॅनेल दुखावलं आहे. आधी पॅनेलं धुवा, सावली हटवा, पुन्हा मोजा. चारही आकडे सारखेच पण कमी आले, तर दोष माळेचा नव्हे. ऊन, धूळ किंवा पंपाचा भार पाहा. आणि एखाद्या आकड्यामागे उणे खूण आली, तर त्या माळेत करंट उलटा शिरतो आहे. लगेच पंप आणि मुख्य खटका बंद करा, पण पेटीत हात घालू नका. खटका पाडूनही शेजारच्या माळांचा करंट तिच्यात जातच राहतो, म्हणून त्या माळेजवळचं पाचट दूर ठेवा, माणसं-जनावरं लांब ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

मोजणारा तंत्रज्ञ असू दे, पण चार आकडे, तारीख आणि खिडकीचा रंग आपल्या वहीत आपणच लिहा. पुढच्या वेळी शेजारी-शेजारी ठेवलेले आकडेच सांगतील, कुठली माळ मागे पडली.