कॉइल, लिक्विड की क्रीम?

डास मारणारे औषध कॉइलमध्ये अगदी थोडे असते. बाकी सगळा लाकडाचा भुसा, करवंटीची पूड आणि डिंक. तोच तासन्‌तास धुमसत राहतो. एक कॉइल पूर्ण जळताना सुमारे 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ‘कमी धूर’वाल्या कॉइलचा धूर डोळ्यांना कमी झोंबत असेल, पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतोच. बंद खोलीत कॉइल लावून झोपू नये, हे माझे स्पष्ट मत.

लिक्विडच्या यंत्रात काही जळत नाही. गरम वातीवरून ट्रान्सफ्लुथ्रिनसारखे औषध वाफेने पसरते. मात्र खिडकी उघडी आणि पंखा जोरात असेल, तर वाफ विरळ होऊन डास चावतात. झोपण्याआधी ते थोडा वेळ लावावे. दमेकऱ्याला त्यानेही खोकला येऊ शकतो. बाटलीतले द्रावण रॉकेलच्या जातीचे असते. मुलाने ते प्यायले तर उलटी करवू नका, द्रव फुप्फुसात जाऊ शकतो. थेट रुग्णालय गाठा.

डेंग्यूचा डास चावतो दिवसा, आणि यंत्र आपण लावतो रात्री! शाळेत किंवा बाल्कनीत क्रीमच उपयोगी. पण चुकून राहिलेल्या घोट्यावर डास बरोबर बसतो. म्हणून उघड्या त्वचेवर सगळीकडे लावा, घाम आल्यावर पुन्हा लावा. लहानग्यांच्या तळहातांना मात्र नको, ते तोंडात जातात.